रात्री बाराच्या आसपासच्या वेळांची सरासरी

प्रश्न: वाशीच्या भाजी मार्केटला आमच्या गाड्या रात्री अकरा ते एकच्या दरम्यान लागतात. शेठना 'गाडी सरासरी किती वाजता लागते' ते हवंय. एक्सेलमध्ये AVERAGE लावलं की दुपारचे २:२५ येतात. दुपारी तर एकही गाडी येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: एक्सेलने बेरीज आणि भागाकार दोन्ही बरोबर केलेत. घोळ आहे तो घड्याळाच्या शून्याचा. घड्याळ गोल असतं, आणि सरासरी काढायची म्हटली की एक्सेल ते एका जागी कापून सरळ पट्टी करतो. ही कात्री तो नेमकी मध्यरात्रीवर चालवतो, आणि तुमच्या सगळ्या गाड्या तिथेच गोळा झालेल्या. ११:५५ ची गाडी पट्टीच्या एका टोकाला जाते आणि १२:२० ची दुसऱ्या टोकाला. प्रत्यक्षात दोघींत २५ मिनिटांचं अंतर, पट्टीवर ते २३ तास ३५ मिनिटांचं होतं.

तुमची वही माझ्यासमोर नाही, म्हणून २:२५ हेच उत्तर येईल अशा पाच वेळा घेते: २३:१०, २३:४०, २३:५५, ००:२०, ०१:००. या मध्यरात्रीपासून मोजा: ५० मिनिटं आधी, २० आधी, ५ आधी, २० नंतर, ६० नंतर. बेरीज अधिक ५, भागिले पाच, म्हणजे एक मिनिट. मनाला पटणारं उत्तर ००:०१. एक्सेलचं उत्तर १४:२५. दोन्हींत १४ तास २४ मिनिटांचा फरक पडला, आणि हा आकडा उगाच आलेला नाही. मध्यरात्रीच्या आधी लागलेल्या प्रत्येक गाडीमागे एक्सेलच्या बेरजेत २४ तास जादा जातात. ते पाच गाड्यांत वाटले की प्रत्येकीमागे ४ तास ४८ मिनिटं. अशा गाड्या तीन, म्हणून तीन पट: १४:२४.

हे मुद्दाम एवढं उलगडून सांगितलं, कारण खरा धोका यातून दिसतो. उद्या एखादी गाडी ००:०१ ऐवजी २३:५९ ला लागली, म्हणजे दोनच मिनिटं आधी लागली, तर तुमची सरासरी जवळजवळ पावणेपाच तासांनी पुढे उडी मारेल. दुपारचे अडीच आले म्हणून तुमच्या लगेच लक्षात आलं. पाचपैकी चार गाड्या मध्यरात्रीआधी लागल्या असत्या तर उत्तर संध्याकाळी सातच्या आसपास आलं असतं, आणि 'गाड्या लवकर लागतायत' म्हणून कोणीतरी तो आकडा खुशाल पुढे पाठवला असता. मी गेली सोळा वर्षं दुधाच्या टँकरांच्या वेळांची आकडेमोड करते, आणि अशी अर्धवट पटणारी चूक जास्त काळ टिकते हे मी पाहिलेलं आहे.

आता उपाय. कात्रीच लावायची नाही, गोल गोलच ठेवायचं. प्रत्येक वेळ म्हणजे घड्याळाच्या मध्यातून निघालेला एक बाण समजा. हे घड्याळ २४ तासांचं: मध्यरात्र वर, सकाळचे सहा उजवीकडे, दुपारचे बारा खाली, संध्याकाळचे सहा डावीकडे. दिवसाचे १४४० मिनिटं ३६० अंशांत बसतात, म्हणजे एका मिनिटाला पाव अंश. प्रत्येक बाणाची लांबी एक. आता हे बाण एकापुढे एक जोडत जायचं: पहिला जिथे संपतो तिथून दुसरा, दुसरा संपतो तिथून तिसरा. पाचवा संपल्यावर जिथे पोचलो, त्या बिंदूकडे मध्यातून पाहिल्यावर जी दिशा दिसते ती सरासरी वेळ. हिला वर्तुळीय सरासरी म्हणतात. यात शून्य कुठे धरला याने काहीच बदलत नाही, कारण बाणाला दिशा असते, सुरुवातीचा आकडा नसतो.

बाण जोडण्यासाठी प्रत्येकाचे दोन भाग करावे लागतात: किती वर गेला (कोसाइन) आणि किती उजवीकडे गेला (साइन). तुमच्या पाच वेळांचे कोन होतात उणे १२.५, उणे ५, उणे १.२५, अधिक ५ आणि अधिक १५ अंश. पाचही साइनची बेरीज ०.०२०६, कोसाइनची ४.९३४४. म्हणजे पाच पावलांत आपण जवळजवळ सरळ वर गेलो आणि किंचित उजवीकडे कललो. तो कल ०.२३९ अंशांचा, वेळेत ५७ सेकंद. उत्तर ००:००:५७. मघाशी मनाने काढलेल्या एका मिनिटापेक्षा तीन सेकंद कमी; हे तीन सेकंद का, ते पुढे येईलच, कारण मोठ्या उशिरांना हाच फरक डोईजड होतो.

एक्सेलमध्ये वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक असतो, त्यामुळे कोन काढायला २π ने गुणलं की झालं. वेळा `A2:A6` मध्ये आहेत असं धरते. `B2` आणि `C2` मधली सूत्रं खाली ओढा:

```
B2:  =IF(A2="","",SIN(2*PI()*A2))
C2:  =IF(A2="","",COS(2*PI()*A2))
E2:  =MOD(ATAN2(AVERAGE(C2:C6),AVERAGE(B2:B6))/(2*PI()),1)
E3:  =SQRT(AVERAGE(B2:B6)^2+AVERAGE(C2:C6)^2)
```

`E2` ला `hh:mm:ss` फॉरमॅट द्या, ती तुमची सरासरी वेळ; नुसतं `hh:mm` दिलं तर सेकंद कापले जाऊन ००:०० दिसेल. `E3` साधा आकडा राहू द्या, त्याच्याबद्दल सांगायचंच आहे. तुमच्या रकान्यात वेळेसोबत तारीखही असेल तरी या सूत्रांना अडचण नाही, कारण पूर्ण दिवस म्हणजे पूर्ण फेरी आणि साइन-कोसाइन पूर्ण फेऱ्या विसरतात.

या चार ओळींत तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिली जागा `ATAN2`. एक्सेलमध्ये कोसाइनची सरासरी आधी आणि साइनची नंतर द्यायची. पायथॉनसह बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत याच्या उलट. क्रम चुकला तर मध्यरात्रीचं उत्तर सकाळचे सहा होऊन येतं. आपल्या उदाहरणात ००:०१ ऐवजी ०५:५९ येईल. तुमचे आकडे मध्यरात्रीचे असताना उत्तर सहाच्या आसपास आलं, तर बाकी काही तपासण्याआधी हा क्रम बघा.

दुसरी जागा `MOD`. सरासरी मध्यरात्रीच्या थोडी आधी पडली की `ATAN2` उणे कोन देतो, आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, घरभर `#####` मारतो. `MOD` ने त्यात एक दिवस मिळवला जातो आणि उणे दहा मिनिटांचे २३:५० होतात.

तिसरी जागा सगळ्यात फसवी, म्हणून वर `IF` घातलंय. ज्या दिवशी गाडी आलीच नाही त्या दिवशीचा घर रिकामा असतो. रिकाम्या घराला एक्सेल शून्य समजतो, शून्य म्हणजे ००:००, आणि न आलेली गाडी अगदी बाराच्या ठोक्याला लागली असं धरून तिचाही बाण जोडतो. तुमच्या गाड्या मध्यरात्रीच्याच असल्यामुळे उत्तर फारसं हलत नाही, आणि म्हणून कळतही नाही. उलट न आलेल्या गाड्यांमुळे तुमचा वक्तशीरपणा वाढलेला दिसतो.

पायथॉनमध्ये करणार असाल तर तयार फंक्शन आहे. फक्त `high=24` विसरू नका. ते नसेल तर फंक्शन तुमच्या तासांना रेडियन समजून चालतं आणि उत्तराला काही अर्थ उरत नाही.

```
from scipy.stats import circmean
circmean([23+10/60, 23+40/60, 23+55/60, 20/60, 1], high=24, low=0)
```

हे ०.०१५९ तास देतं, म्हणजे तेच ५७ सेकंद.

आता `E3`. ही त्या शेवटच्या सरासरी बाणाची लांबी. सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला लागल्या तर सगळे बाण एका रेषेत येतात आणि ही लांबी १ होते. गाड्या चोवीस तासांत सगळीकडे पसरल्या तर बाण एकमेकांना खोडतात आणि ती शून्याकडे जाते. तुमच्या पाच गाड्यांची ०.९८७ येते. नुसत्या या आकड्यावरून शेठना काही कळणार नाही, पण त्याचे मिनिटं करता येतात:

```
E4:  =SQRT(-2*LN(E3))/(2*PI())
```

याला `hh:mm` फॉरमॅट द्या. इथे ००:३७ येतं. म्हणजे गाड्या मध्यरात्रीच्या मागेपुढे साधारण ३७ मिनिटं पसरलेल्या आहेत. मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांचं नेहमीचं प्रमाण विचलन `STDEV.P` ने काढून बघा, तेही ३७ च्या घरातच येतं. लांबी ०.९ च्या वर असेपर्यंत हे दोन आकडे हातात हात घालून चालतात. ती खाली गेली की मिनिटांत रूपांतर करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

लांबीचा खरा उपयोग मला वहीतल्या चुका पकडायला होतो. गेटवरचा माणूस रात्रीचे बारा वीस झाले की वहीत १२:२० लिहितो. त्याच्या लेखी ते बरोबरच आहे, रात्रपाळीत दुपार कुठून आली? पण ऑफिसात तेच जसंच्या तसं एक्सेलमध्ये टाइप झालं की ती दुपारची १२:२० होते. तुमच्या पाच वेळांत फक्त ००:२० च्या जागी १२:२० घाला. सरासरी ००:०१ वरून २३:४८ वर जाते. तेरा मिनिटांचा फरक, कोणाला संशय येणार नाही. लांबी मात्र ०.९८७ वरून ०.५८९ वर कोसळते. एक बाण पूर्ण उलट फिरल्यामुळे त्याने स्वतःची भर तर घातली नाहीच, शिवाय दुसऱ्या एकाची खोडून टाकली. म्हणून मी दर आठवड्याच्या सरासरीशेजारी लांबी लिहूनच ठेवते. एरवी ०.९५ च्या वर असणाऱ्या मार्गाची लांबी अचानक ०.७ झाली की आधी वही मागवते, मग टँकरवाल्यांना फोन करते. बहुतेक वेळा फोनची गरजच पडत नाही.

पण लांबीवर आंधळा विश्वास ठेवू नका. समजा तुमच्या निम्म्या गाड्या रात्री ९ ला लागतात आणि निम्म्या पहाटे ३ ला, कारण त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून माल भरून निघतात. वर्तुळीय सरासरी येईल मध्यरात्र, लांबी ०.७०७. आकडा दिसायला बरा आहे, पण मध्यरात्री गेटवर एकही गाडी लागत नाही. त्या वेळेला हमाल बोलावले तर ते तीन तास बसून राहतील, आणि ९ च्या गाड्या तीन तास थांबलेल्या असतील. याहून टोकाची गोष्ट म्हणजे एक गाडी सकाळी ६ ला आणि एक संध्याकाळी ६ ला. दोन बाण एकमेकांना पूर्ण खोडतात, लांबी शून्य, सरासरी अस्तित्वातच नाही. तरी पायथॉन तुम्हाला दुपारचे १२ सांगेल. हे बारा येतात कुठून? π ची किंमत संगणकात तंतोतंत बसत नाही, त्यामुळे कोसाइनच्या बेरजेत दशांशाच्या सोळाव्या घरात कचरा उरतो, आणि त्या कचऱ्याची दिशा तो इमानेइतबारे कळवतो. म्हणून सरासरी काढण्याआधी प्रत्येक तासात किती गाड्या लागल्या एवढं मोजून बघाच. `COUNTIFS` ने पाच मिनिटांचं काम आहे. दोन ढीग दिसले तर दोन सरासऱ्या काढा, मार्गानुसार वेगळ्या.

आता तो तीन सेकंदांचा फरक. तो कशातून आला हे मला कागदावर माहीत होतं, पण त्याची किंमत एका आठवड्याच्या अहवालात कळली. तेव्हा मी एका डेअरीसाठी काम करत होते. एका मार्गाचा टँकर रोज मध्यरात्रीच्या सुमारास प्लँटला लागायचा. एका रात्री तो घाटात बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला पोचला. दूध परत पाठवावं लागलं. आठवड्याच्या अहवालात मी वर्तुळीय सरासरी दिली होती, आणि त्या मार्गासमोर लिहिलं होतं: ००:१२. प्लँटच्या साहेबांनी विचारलं, "ज्या आठवड्यात अकरा तास उशीर झाला, त्या आठवड्याची सरासरी फक्त बारा मिनिटं पुढे कशी?" प्रश्न अगदी रास्त होता आणि त्या वेळी माझ्याकडे एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर नव्हतं.

आकडे सोपे करून दाखवते. सहा रात्री टँकर बरोबर ००:०० ला, सातव्या वेळी सकाळी ११ ला. सहा बाण सरळ वर, सातवा जवळजवळ सरळ खाली. खाली जाणारा बाण उजवीकडे फार कमी सरकतो, म्हणून दिशा फक्त २.९ अंशांनी वळते, म्हणजे बारा मिनिटं. आता तोच टँकर अकराऐवजी पाच तास उशिरा, पहाटे ५ ला आला असता तर? तो बाण जवळजवळ आडवा उजवीकडे जातो आणि सरासरी ००:३५ येते. म्हणजे कमी उशीर झाला तर सरासरी जास्त हलली. वर्तुळीय सरासरीत एखादी वेळ सरासरीला किती ओढते हे त्या अंतराच्या साइनवर ठरतं. सहा तासांपर्यंत ओढ वाढत जाते, त्यानंतर उलटी कमी होत होत बारा तासांना शून्य. अगदी छोट्या अंतरालाही ती सरळ मोजणीपेक्षा किंचित कमीच असते. तुमचे तीन सेकंद तिथे गेले.

यात वर्तुळीय सरासरीचा काही दोष नाही. ती 'घड्याळात काटा साधारण कुठे असतो' एवढंच सांगते, आणि तिच्या दृष्टीने ११ तास उशीर आणि १३ तास लवकर ही एकच जागा आहे. मी तिला 'किती उशीर झाला' विचारत होते. उशिराला दिशा असते, सुरुवात असते, आणि तो कितीही वाढू शकतो. तो गोल नाही, सरळ आहे. साहेबांना हवा होता तो आकडा म्हणजे ६६० मिनिटं भागिले सात, सरासरी ९४ मिनिटं उशीर.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा, की शेठना आधी विचारा त्यांना हे कशासाठी हवंय. गाळ्यावर हमाल किती वाजता बोलवायचे हे ठरवायचं असेल, तर प्रश्न घड्याळाचा आहे. ड्रायव्हर किंवा ट्रान्सपोर्टवाला वेळ पाळतो की नाही हे बघायचं असेल, तर प्रश्न उशिराचा आहे, आणि तिथे गाडी ठरल्या वेळेपासून किती मागेपुढे लागली ते काढून साधी सरासरी घ्या. ठरलेली वेळ `D2` मध्ये असेल तर:

```
=MOD(A2-D2+0.5,1)-0.5
```

हे सूत्र फरक नेहमी उणे बारा ते अधिक बारा तासांत आणून ठेवतं. याचा एक मोठा फायदा म्हणजे रात्रीच्या तारखेचा गोंधळ मिटतो. गेटच्या वहीत पूर्ण रात्र एकाच तारखेखाली लिहिलेली असते. १४ तारखेची रात्र सुरू झाली की १२:२० ची गाडीही १४ मध्येच जाते, खरं म्हणजे ती १५ ला लागलेली असते. ठरलेली वेळ रात्री बाराची असेल, तर तारखेसकट वजाबाकी केली की अशी गाडी २३ तास ४० मिनिटं लवकर आल्याचं दिसतं. वरचं सूत्र तिला परत २० मिनिटं उशिरावर आणतं. मर्यादाही तीच: गाडी खरोखरच चौदा तास उशिरा आली तर हे सूत्र तिला दहा तास लवकर म्हणेल. असे दिवस तारीख बघून हातानेच दुरुस्त करावे लागतात, आणि ते इतके थोडे असतात की हाताने करणं परवडतं. उशीर मिनिटांत हवा असेल तर फरकाला १४४० ने गुणा, म्हणजे उणे वेळेचे `#####` ही येणार नाहीत.

आणि तुमच्या प्रश्नापुरतं म्हणाल, तर साइन-कोसाइनशिवायही काम भागतं. तुमच्या गाड्या रात्री अकरा ते एकच्या दरम्यान लागतात, म्हणजे दुपारी बारा ही जागा पूर्ण मोकळी आहे. मग कात्री तिथे लावा. सगळ्या वेळा बारा तास पुढे सरकवा, साधी सरासरी काढा, आणि बारा तास मागे या:

```
=MOD(AVERAGE(MOD(A2:A6+0.5,1))-0.5,1)
```

जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र `Ctrl+Shift+Enter` ने टाकावं लागतं. आणि इथे `A2:A6` मध्ये रिकामं घर ठेवू नका, ते इथेही मध्यरात्रच धरलं जातं. उत्तर ००:०१. याच सूत्रात `AVERAGE` च्या जागी `MEDIAN` घातलं की मधली वेळ मिळते, तुमच्या उदाहरणात २३:५५. हमालांच्या वेळेसाठी मी स्वतः तीच वापरेन, कारण एखादी गाडी पंक्चर होऊन तीनला आली तरी ती फारशी हलत नाही, आणि 'निम्म्या गाड्या तोपर्यंत लागलेल्या असतात' हे शेठना एका दमात समजतं.

मग वर्तुळीय सरासरी लागते कुठे? जिथे कात्री लावायला मोकळी जागाच नाही तिथे. चोवीस तास गाड्या येणारं गोदाम, दवाखान्यात येणारे फोन, किंवा वाऱ्याची दिशा. हवामान केंद्रावर वारा कधी ३५० अंशांवरून तर कधी १० अंशांवरून येतो, दोन्ही उत्तरेचेच. साधी सरासरी १८० म्हणजे नेमकी दक्षिण. तिथे कोणत्याही अंशावर कात्री लावली तरी कधी ना कधी वारा तिथून वाहणारच. गणितात हा विचार जुना आहे. रिखार्ड फॉन मिझेस यांनी १९१८ मध्ये अणुभार पूर्णांकांच्या जवळ पडतात का हे तपासताना त्यांचे अपूर्णांक असेच वर्तुळावर मांडले होते, कारण ०.९८ आणि ०.०२ दोन्ही पूर्णांकाच्या तितकेच जवळ. पुढे या शाखेची घडी बसवण्यात राजस्थानातल्या सिरोहीचे, नंतर लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झालेले कांतिलाल मर्दिया यांचा मोठा वाटा आहे.

एक शेवटची गोष्ट, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही इथेच अडकाल. आठवड्याच्या सरासऱ्या तयार झाल्या की महिन्याची काढायला त्यांच्यावर परत AVERAGE लावायचा मोह होतो. पहिला आठवडा २३:५०, दुसरा ००:१०, आणि पुन्हा दुपारचे बारा हजर. त्यांची वर्तुळीय सरासरीही बरोबर येईलच असं नाही, कारण एका आठवड्यात चाळीस गाड्या आणि दुसऱ्यात आठ असतील तर दोघांना सारखं वजन मिळतं. दर आठवड्याला तीन आकडे वेगळे जपून ठेवा: साइनची बेरीज, कोसाइनची बेरीज आणि गाड्यांची संख्या. महिन्याअखेर या तिन्हींची आपापली बेरीज करा, पहिल्या दोन बेरजा `E2` च्या सूत्रात आपापल्या सरासरीच्या जागी घाला, म्हणजे मूळ वही पुन्हा न उघडता महिन्याची तंतोतंत सरासरी मिळेल; आणि लांबी हवी असेल तर त्या दोन बेरजांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून गाड्यांच्या संख्येने भागा. कात्रीची पद्धत वापरणार असाल तर सोपं आहे, मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांची बेरीज आणि गाड्यांची संख्या एवढे दोनच आकडे पुरतात. मधल्या वेळेला मात्र असा आडमार्ग नाही, तिच्यासाठी महिन्याच्या सगळ्या वेळा एका रकान्यात आणाव्याच लागतील.

तासागणिक किती गाड्या लागतात तो तक्ता तयार झाला की इथे टाका. एकच ढीग आहे की दोन, ते बघून पुढचं सांगता येईल.